दुहेरी रेघ

डॉक्टर मॅडमनी कागदाच्या मधोमध एक गोल काढला, शेजारी एक चौकोन काढला आणि दोन्ही एका आडव्या रेघेनं जोडले. गोल म्हणजे माझी मुलगी आणि चौकोन म्हणजे माझा जावई. त्या रेघेखाली त्यांनी पतंगासारखा एक तिरपा चौकोन काढला. तो मुलीच्या पोटातला जीव. मुलगा की मुलगी ते माहीत नसतं आणि कुणी विचारायचंही नसतं, म्हणून त्याला गोलही काढत नाहीत आणि सरळ चौकोनही काढत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "शादी से पहले आप दोनों का आपस में कोई रिश्ता था? खून का रिश्ता?"

"नाही मॅडम," जावई म्हणाला.

मी आणि माझ्या बायकोनंही 'नाही' अशीच मान हलवली. आमच्यापैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे मला इथे सांगायलाच हवं. आमच्यात रक्ताचं नातं म्हणजे भाऊबंदकी. ज्यांचं आडनाव एक, कुळ एक, देवक एक, ते रक्ताचे. त्यांच्यात लग्न करायचं कुणाच्या मनातही येत नाही. माझी मुलगी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात दिलेली आहे. पण बहिणीचं कुळ लग्न झालं त्या दिवशीच बदललं. तिचा मुलगा दुसऱ्या आडनावाचा, दुसऱ्या देवकाचा. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क, हे मी जन्मापासून ऐकत आलो. यात रक्त कुठून आलं?

आम्ही सुरतेतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो. दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी होती. मुलीनं ती वाचून मला सांगितली होती, तरी मला एवढंच समजलं की इथे औषध देत नाहीत, घराण्याची माहिती विचारतात. मुलीला दोन महिने होत आले होते. पहिल्या तपासणीच्या वेळी बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाचं लहानपणी काही? आणि मुलीनं सरळ सांगून टाकलं, "माझा एक भाऊ होता. माझ्या आधीचा. हातपाय हलवायचा नाही. वर्षाच्या आत गेला." डॉक्टरीणबाईंनी लगेच इकडची चिठ्ठी लिहून दिली. त्या संध्याकाळी मी मुलीवर चिडलो होतो. "इतकी जुनी गोष्ट. तुझा त्याच्याशी काय संबंध?" असं म्हणालो होतो.

डॉक्टर मॅडम तिशीच्या असतील. गुजराती होत्या. मुलीशी गुजरातीत बोलायच्या आणि आमच्याशी हिंदीत. त्यांनी आमच्या मुलाविषयी विचारायला सुरुवात केली. प्रश्न मला केला होता, पण उत्तर माझ्या बायकोनं दिलं. ती सहसा कुठल्याही ऑफिसात तोंड उघडत नाही.

"जन्मला तेव्हा चांगला होता," ती म्हणाली. "दोन महिन्यांचा झाला आणि पाय मारायचं बंद झालं. मान धरलीच नाही. रडायचा तर मांजराच्या पिलासारखा. पण डोळे असे चमकायचे की बघत राहावं. सगळं समजायचं त्याला. हसायचा."

"सांस कैसे लेता था? पेट से?"

"हो. छाती आत आणि पोट वर. उलटंच."

"जीभ में कुछ देखा था? थरथर?"

बायको थांबली. मला वाटलं, तिला प्रश्न समजला नाही. मी हिंदीतून मराठीत सांगायला लागलो, तर तिनं हातानं मला थांबवलं.

"थरथरायची," ती म्हणाली. "आत किडा वळवळावा तशी. सारखी. मला वाटायचं, त्याला काहीतरी बोलायचंय."

मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो आणि हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी दिवसपाळीही करायचो आणि गरज पडली तर रात्रपाळीही. मुलाला उचललं की कापसाच्या बोचक्यासारखा हातातून ओघळायचा, म्हणून मी त्याला उचलायचंच टाळायचो. जिभेकडे मी कधी पाहिलं नाही.

डॉक्टर मॅडमनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, कारण त्या बाळाची तपासणी झाली नव्हती आणि त्याच्या रक्ताचा थेंबही कुठे ठेवलेला नाही. पण हे सगळं ज्या एका आजाराकडे बोट दाखवतं, त्याचं नाव स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. पाठीच्या कण्यात काही पेशी असतात, त्या स्नायूंना हलायचा हुकूम देतात. त्या मरत जातात. तेव्हा यावर काही औषध नव्हतं. आता आहेत, लवकर दिली तर फरक पडतो, पण त्यांची किंमत ऐकून माणूस खुर्चीतून उठणार नाही.

त्यानंतर त्या जावयाकडे वळल्या. त्याला भाऊ-बहीण नाही, ते लिहिलं. वडिलांकडचं विचारलं, तिकडे सगळे धडधाकट. मग विचारलं, "आपकी मम्मी के मायके में? वहाँ कोई बच्चा छोटी उमर में गया?"

"हो, एक गेलाय," जावई म्हणाला. "मामाचा मुलगा."

"अच्छा. कौन से मामा?"

जावयानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग माझ्या मुलीकडे. मुलीला आधी कळलं. ती हळू आवाजात गुजरातीत म्हणाली, "मारा सासु एटले मारा फोई." माझी सासू म्हणजे माझी आत्या.

मला वाटलं, आता या रागावणार. त्या रागावल्या नाहीत. "हाँ, आप लोगों में होता है, मुझे याद रखना चाहिए था," असं म्हणाल्या. मग त्यांनी गोल आणि चौकोन जोडणारी जी एक रेघ होती, तिच्याखाली आणखी एक रेघ ओढली. जवळच्या नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ काढतात. माझा चौकोन आणि बहिणीचा गोल वर एकत्र जोडले गेले आणि त्यातून निघालेल्या दोन फांद्या खाली येऊन पुन्हा एकमेकींना भेटल्या. कागदावर ते एखाद्या बंद खोक्यासारखं दिसत होतं.

मी म्हणालो, "मॅडम, पण आमचं कुळ वेगळं आहे."

"अंकल, कुळ वडिलांकडून येतं ना? हे दोन्हीकडून येतं."

मग त्यांनी हिंदीतच समजावलं. मला जेवढं समजलं तेवढं मराठीत लिहितो. प्रत्येक गोष्टीच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. या आजाराच्या बाबतीत एक प्रत गहाळ असली तरी माणसाला काही होत नाही, दुसरी काम भागवते. तो माणूस वाहक. त्याला स्वतःला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले आणि दोघांकडूनही नेमकी गहाळ बाजूच बाळाकडे गेली, तर बाळाजवळ एकही प्रत उरत नाही.

"म्हणजे आमचा मुलगा," मी म्हणालो.

"हो. अंदाज बरोबर असेल, तर तुम्ही दोघंही वाहक आहात."

त्यांनी दोघंही म्हटलं. मी बायकोकडे पाहिलं नाही.

मॅडमनी चार घरं आखली. माझी चांगली आणि हिची चांगली, माझी चांगली आणि हिची गहाळ, माझी गहाळ आणि हिची चांगली, आणि चौथ्या घरात दोन्ही गहाळ. दर बाळंतपणाला चारातली एक शक्यता आजाराची. मग मुलीचं काय, असं मी विचारलं. चारात दोन घरं वाहकाची दिसत होती, म्हणून मी म्हणालो, अर्धी शक्यता. त्या म्हणाल्या, नाही, तीनात दोन.

"तीन कुठून आले? घरं तर चार आहेत."

त्यांनी चौथ्या घरावर तळहात ठेवला. "मुलगी बरी आहे, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे ती या घरात नाही. हे घर तिच्यासाठी मोजायचं नाही. उरली तीन. त्यातली दोन वाहकाची."

गणित बरोबर होतं. पण मला तो हात बघवेना. त्या हाताखाली माझा मुलगा होता.

मग जावयाकडचा हिशेब. मी वाहक असलो तर मला ते आई किंवा वडील कुणाकडून तरी आलं. तेच माझ्या बहिणीकडे यायची शक्यता अर्धी. तिच्याकडून तिच्या मुलाकडे पुन्हा अर्धी. म्हणजे पाव. मुलीचे तीनात दोन, जावयाचा चारात एक आणि दोघंही वाहक निघाले तर बाळाचा पुन्हा चारात एक. सगळ्यांचा गुणाकार चोवीसात एक. जावई बाहेरच्या घराण्यातला असता तर हा आकडा पुष्कळच लहान झाला असता, हेही त्यांनी सांगितलं, कारण मी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"पण हे सगळे अंदाज आहेत," त्या म्हणाल्या. "चौघांचं रक्त तपासू. मग अंदाजाची गरज राहणार नाही."

चौघांनी रक्त दिलं. खाली उतरताना लिफ्टमध्ये जावई म्हणाला, "मामा, चोवीसात एक म्हणजे काही जास्त नाही." मी म्हणालो, नाही. तरी मला काहीच कळत नव्हतं. माणूस चोवीसात एक एवढा आजारी कसा असेल? बाळ एकच आहे.

मी सुरतेतच पर्वत पाटियाजवळ एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कापड तपासायचं काम करतो. ताका टेबलावरून सरकत जातो, खाली ट्यूबलाइट असते, दोरा तुटलेला दिसला की खूण करायची. पुष्कळ वर्षं झाली. या कामात एक गोष्ट पक्की असते. एका ताक्यात एखादा दोष ठरावीक अंतरानं आला, तर त्याच मशीनच्या पुढच्या ताक्यातही तो येणार. मशीन दुरुस्त होईपर्यंत येतच राहणार. म्हणून मला वाटत होतं की आमच्यात एकदा आलं आहे, तर पुन्हा येणारच. आकडा काहीही असो. मी टेबलावर उभा असायचो आणि डोळ्यांसमोरून कापड जायचं, पण मला ते दिसायचं नाही.

हे लग्न मी जमवलं होतं. मुलीला कॉलेजात असताना दोन स्थळं आली होती. एक चलथाणचं, साखर कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा. बायकोला ते पसंत होतं. "पोर जरा लांब पडू द्या, आपल्याच घरात नको," ती म्हणाली होती. तिच्या मनात आजार वगैरे काही नव्हता, तिला नणंदेच्या तोंडाची भीती होती. पण दुसरं स्थळ बहिणीचंच. राखीला ती आली आणि ओवाळताना आमच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तुनी पोर ती मनी पोर. मले दुसरं काही नको." ताटात काय घालायचं ते मी ठरवलेलं होतं, तरी माझा हात थांबला. मी हो म्हणालो. मुलगी आणि भाचा लहानपणापासून एकमेकांना ओळखत होते, दोघांनाही आनंदच झाला, हे खरं. पण हो मी म्हणालो होतो.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आले. मॅडमनी आधी आम्हा दोघांना आत बोलावलं. आम्ही दोघंही वाहक. एकेक प्रत गहाळ. म्हणजे मुलाच्या आजाराचा अंदाज जवळजवळ खात्रीचा झाला.

माझी आई जिवंत असेपर्यंत म्हणायची, सुनेच्या माहेरचं दूधच पातळ, त्यांच्याकडची पोरं अशीच. मुलाला जाऊन वर्षं झाली तरी म्हणायची. सणाला, लग्नात, चार बायकांत. मी कधी तिला गप्प केलं नाही. मला खरंच वाटायचं की तसं असेल. बायकोनं माझा रिपोर्ट मागून घेतला, स्वतःचा नाही. तिला इंग्रजी येत नाही. तिनं तो उलटसुलट पाहिला आणि मॅडमना विचारलं, "यात यांचं नाव कुठे आहे?" मॅडमनी बोट ठेवून दाखवलं. तिनं नावाकडे बराच वेळ पाहिलं, मग मला म्हणाली, "अर्धं तुमचं."

मी म्हणालो, "हो."

"बरं," ती म्हणाली आणि कागद परत दिला.

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल, आईचं नाव घेईल. तिनं पदर नीट केला आणि मुलीला आत बोलावायला उठली.

मुलगी वाहक होती. जावईही वाहक होता.

जावयानं विचारलं, "म्हणजे आता चोवीसात एक?"

"नाही. आता चारात एक."

"पण आधी तर..."

"आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

मुलीनं जावयाचा हात धरला. माझ्यासमोर ती कधी धरत नसे. मॅडम हळूहळू सांगत होत्या. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर बाळाला पोसणाऱ्या वारेचा अगदी लहानसा तुकडा घेऊन बाळाची तपासणी करता येते. पोटातून सुई घालतात, सोनोग्राफीत बघत. त्यात गर्भ पडायचा धोका असतो, थोडासा, पण असतो. आजार निघाला तर पुढे काय करायचं, ते तुम्ही दोघं ठरवायचं. कायदा काय सांगतो ते त्या समजावतील. तपासणी करायचीच नाही, हेही ठरवता येतं. बाळ झाल्यावर लगेच तपासून औषधाची वाट शोधता येते, ती अवघड आहे. त्यांनी प्रत्येक वाटेवर सारखाच वेळ घालवला. मला त्यांचा राग आला. मी म्हणालो, "मॅडम, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"अंकल, मेरी बेटी होती तो भी फैसला उसका होता," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "और आप ने किसी को कुछ नहीं दिया है जो आप को पता था. ये गुनाह नहीं है."

त्यांना काय माहीत, मी मनात म्हणालो. त्यांना राखीची गोष्ट माहीत नव्हती.

त्या रविवारी आम्ही कोसाडला बहिणीच्या घरी गेलो. माझी बहीण माझ्याहून मोठी, मी तिला अक्का म्हणतो. मुलगी आणि जावई आतल्या खोलीत होते. अक्कानं पोह्यांच्या बश्या दिल्या आणि लगेच सुरू केलं.

"काय सांगस भाऊ ती डॉक्टरीण? चारमा एक?"

"हो."

"मंग झालं ना! तुना पोऱ्या गया. एक गया. आते तीन चांगलाच."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मला मशीनसारखं पुन्हा येणारच असं वाटत होतं, तिला एकदा येऊन संपलं असं वाटत होतं. क्षणभर मला तिचंच म्हणणं बरं वाटलं. आपला एक भरून झाला, असं.

"अक्का, तसं नसतं," मी म्हणालो, पण कसं असतं ते मला सांगता येईना.

बायको म्हणाली, "आमचा गेला तो आमच्या चारातला. यांचे चार वेगळे."

"तुले कोणी सांगं?"

"मॅडमनी. आणि यांचाही एक झाला म्हणून दुसरा चांगलाच, असंही नाही. दर वेळी पहिल्यापासून."

"बाप रे, वकील व्हयनी ही," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आन मनामां बी शे का ते?"

तिच्यातही ते आहे का, हे नक्की सांगता येत नव्हतं, कारण तिची तपासणी झाली नव्हती. पण तिच्या नवऱ्याकडे असं काही नाही आणि मुलाकडे आलं आहे, म्हणजे बहुतेक तिच्याकडूनच. मी तसं सांगितलं. एवढं मला समजलं होतं.

"मले तर काहीच नई व्हयनं," ती म्हणाली. "साठी जवळ उनी. एक दिवस दवाखाना नई."

"मलाही काही झालं नाही, अक्का."

"मंग कोनी दिनं आपले? आईनी का बापानी?"

ते आता कुणालाच कळणार नव्हतं. ती जमिनीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी मांगी लिधी पोर. तू नई म्हनाले पाहिजे व्हतं."

"मी का नाही म्हणेन?"

"तेच ना," अक्का म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. ती रडायला लागल्यावर मला काय करावं समजेना. मी तिच्यावर चिडायला आलो होतो की तिनं माझ्यावर चिडावं म्हणून, हेच आठवेना.

तेवढ्यात आतून मुलगी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आत्या, पप्पा, तुम्ही दोघं भांडा किंवा रडा, जे करायचं ते करा. पण आमच्या दोघांचं ठरलंय. तपासणी करणार. आणि नंतर काय करायचं ते कुणी आम्हाला सांगायचं नाही. विचारायचंही नाही."

"अवं माय, मी काय म्हनस..." अक्का म्हणाली.

"काहीच नका म्हणू."

मागून जावई आला. तो एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करतो, बोलतो फार कमी. तो म्हणाला, "मामा, तपासणीच्या दिवशी आम्ही दोघंच जाऊ."

मला वाईट वाटलं. नंतर वाटलं, बरोबर आहे. नंतर पुन्हा वाईट वाटलं.

ते दोघं गेले त्या दिवशी मी कामावर गेलो. दुपारी मुलीचा निरोप आला, झालं, घरी आलो, झोपते. तिच्याही रक्ताचा नमुना घेतला होता, आईचं आणि बाळाचं एकमेकांत मिसळून चूक होऊ नये म्हणून. मुलगा की मुलगी ते विचारणार नाही, असंही सही करून दिलं होतं. पुढचे दिवस बायको रोज तिच्याकडे जायची आणि संध्याकाळी परत येऊन फक्त एवढंच सांगायची की रक्तस्राव नाही, जेवली. मी पुढचं विचारायचो नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं.

मी मनात काय मागत होतो, ते लिहायची लाज वाटते. बाळ बरं निघावं हे तर होतंच. पण त्याच्या जोडीला असंही होतं की बरं निघालं म्हणजे मी सुटलो. आणि आजारी निघालं तर मुलगी माझं तोंड बघणार नाही. एका बाळावर मी हे सगळं लादून बसलो होतो, ज्याला अजून गोलही नव्हता आणि चौकोनही नव्हता.

फोन आला तेव्हा टेबलावर ताका अर्धा सरकला होता. खात्यात मशीनचा आवाज असतो, म्हणून मी जिन्यात गेलो.

"पप्पा, रिपोर्ट आला. आजार नाही."

मी पायरीवर बसलो.

"ऐकताय ना? बाळ वाहक आहे. एक प्रत आहे, एक नाही. आमच्यासारखंच."

"म्हणजे... चारातलं कुठलं घर?" मी विचारलं.

ती हसली. कित्येक दिवसांत तिचं हसणं ऐकलं नव्हतं. "मधल्या दोनांपैकी एक. ते जाऊ द्या ना पप्पा. बाळ बरं आहे."

"कुणाकडून आलं? तुझ्याकडून की त्याच्याकडून?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"पण ते माझंच ना? जे गहाळ आहे ते? तुझ्याकडे माझं आलं असेल किंवा तुझ्या आईचं, त्याच्याकडे अक्काचं, म्हणजे ते..."

"पप्पा," ती म्हणाली, "कामावर आहात ना? मम्मीला मी सांगते. संध्याकाळी या, पण काही आणू नका, मला वास सहन होत नाही."

तिनं फोन ठेवला. मी तिथेच बसून राहिलो. बाळ बरं आहे. तेवढंच धरून ठेवायचं होतं. पण पुढचं येत राहिलं. पुढच्या बाळाला पुन्हा चारात एक, पुन्हा सुई, पुन्हा हे दिवस. आणि हे बाळ मोठं होईल, त्याचं लग्न ठरेल, तेव्हा त्याच्या जोडीदाराची तपासणी करा म्हणून कुणीतरी सांगायला हवं. तोवर मी असेन की नाही? आणि या सगळ्यात, आपला मुलगा आज जन्मला असता तर मॅडमनी त्याची जीभ पाहिली असती, काहीतरी सांगितलं असतं, हेही आलं. आनंदाच्या फोननंतर मेलेल्या मुलाची आठवण काढणं चुकीचं आहे की न काढणं, ते मला ठरवता येईना.

मी बायकोला फोन लावला. तिला मुलीनं आधीच सांगितलं होतं.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? बरं झालं."

"मला काही समजत नाही गं," मी म्हणालो. "मी सुटलो का नाही?"

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

"तुम्हाला धरलं होतं कुणी?" ती म्हणाली. मग म्हणाली, "आईंनी मला धरलं होतं. तुम्हाला कुणी नाही. संध्याकाळी लवकर या, पोरीकडे जायचंय."

मी हो म्हणालो. परत टेबलापाशी गेलो तेव्हा कुणीतरी माझा ताका पुढे सरकवून ठेवला होता. कुठपर्यंत तपासला होता ते मला आठवलं नाही, म्हणून मी तो मागे घेतला आणि पहिल्यापासून पाहायला लागलो.